फोटोतला दर आणि हातातले पैसे जुळत नाहीत तेव्हा: चलनाचा फलक आणि टॅक्सीचा तक्ता कसा वाचायचा

पहाटे फोन वाजतो. विमानतळावरून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर दोन फोटो टाकलेले असतात. एक चलन बदलून देणाऱ्या काउंटरवरच्या लाल आकड्यांच्या फलकाचा, दुसरा प्रीपेड टॅक्सीच्या तक्त्याचा. खाली प्रश्न असतो, "किती बदलू? टॅक्सीला किती लागतील?" घरचे लोक फोटो मोठा करून हिशेब काढून पाठवतात. अर्ध्या तासाने तिकडून उत्तर येतं की हिशेब चुकला, पैसे कमी मिळाले, किंवा टॅक्सीचा आकडा भलताच निघाला.

मी नागपुरात परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं बसलो आहे. आता बसत नाही, पण नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे असे फोटो माझ्याकडेच येतात. दरवेळी अडचण तीच असते. काउंटरवाल्याने फसवलं असं घरच्यांना वाटतं आणि बहुतेक वेळा चूक फोटो वाचण्यात निघते. म्हणून या वेळी माझ्या भाच्याचा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो. फलकावरचे आणि तक्त्यावरचे दर इथे समजावण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या फोटोत जे असतील ते त्या जागी घाला, रीत तीच राहते.

काय झालं होतं

भाचा दोह्यात नोकरीला. सुट्टीवर आला, जायचं होतं नागपूरजवळच्या कामठीला. विमान नागपुरात उशिरा उतरलं. खिशात एक हजार कतारी रियाल, भारतीय नोट एकही नाही. त्याने ६०० रियाल बदलायचं ठरवलं आणि दोन्ही फोटो आपल्या वडिलांना पाठवले. वडिलांनी फलकावर रियालपुढे `26.80` वाचलं, ६०० ने गुणलं आणि १६,०८० रुपये मिळतील असं कळवलं. टॅक्सीच्या तक्त्यात त्यांना कामठीपुढे ६२० दिसले. खाली रात्रीच्या पंचवीस टक्के जादा आकाराची ओळ होती, म्हणून त्यांनी ७७५ रुपये सांगितले.

भाच्याच्या हातात पडले १३,९९५ रुपये. टॅक्सीची पावती निघाली ९५० ची. त्याने मला फोन लावला.

"मामाजी, हिशोब काही जुळून नाही राहिला. रियालचे दोन हजार कमी देऊन राहिले अन् टॅक्सीचे पावणेदोनशे जास्त घेऊन राहिले."

"तू तिथून हलू नको," मी म्हटलं. "दोन्ही पावत्या हातात धर आणि दोन्ही फोटो मला पुन्हा पाठव. पण फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव."

डॉक्युमेंट म्हणून अशासाठी की व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. फोटो कधी काढला ही नोंदही त्यातून निघून जाते. ती नोंद पुढे कामाला आली.

आधी फलक कुणाच्या बाजूने लिहिला आहे ते पाहा

दोन हजारांचा फरक इथेच होता. चलनाच्या फलकावर `WE BUY` आणि `WE SELL` असे दोन रकाने असतात. त्यातला "आम्ही" म्हणजे काउंटरवाला. तुमच्याकडचे रियाल तो विकत घेतो, म्हणून तुम्हाला `WE BUY` खालचा दर लागतो. तुम्ही परदेशी निघाला असाल आणि त्याच्याकडून रियाल घ्यायचे असतील तर `WE SELL`. तरीही गोंधळ होतोच, कारण घरी बसलेला माणूस मनात म्हणतो, "आपण रियाल विकतोय" आणि त्याची नजर `SELL` वर जाते. लक्षात ठेवायला सोपं असं की दोन दरांपैकी तुमच्या तोट्याचा जो असेल तोच तुमचा. रुपये घ्यायचे असतील तर कमी आकडा, रुपये द्यायचे असतील तर जास्त आकडा.

आमच्या फोटोत रियालच्या ओळीत `23.40` आणि `26.80` होते. भाच्याला २३.४० लागणार. ६०० गुणिले २३.४० म्हणजे १४,०४०. वडिलांनी धरलेल्या १६,०८० मधले २,०४० रुपये इथेच गेले. ते कधी मिळणारच नव्हते.

काही फलकांवर दोनाऐवजी चार रकाने असतात. रोख नोटांचा दर वेगळा आणि प्रवासी कार्ड किंवा चेकचा वेगळा. नोटांच्या रकान्यावर बहुधा `CN` लिहिलेलं असतं. नोटांचा खरेदीदर जरा कमी असतो, कारण नोटा मोजायच्या, सांभाळायच्या आणि पुढे पाठवायच्या असतात. तो खर्च दरातूनच निघतो. हातात नोटा असताना शेजारच्या रकान्यातला चांगला दर वाचला गेला की हिशेब पुन्हा फसतो.

राहिलेले पंचेचाळीस रुपये

१४,०४० मिळायला हवे होते, मिळाले १३,९९५. हे ४५ रुपये पाहून भाच्याला काउंटरवाल्याने कमिशन कापलं असं वाटलं. तो जीएसटी होता. तो ४५ च का, हे एकदा समजून घेतलं की दरवेळी शंका येत नाही.

चलन बदलून देणं ही सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर आहे. पण तो बदललेल्या सगळ्या रकमेवर लागत नाही. नियमाने सेवेचं एक मानीव मूल्य ठरवून दिलेलं आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात ते रकमेच्या एक टक्का धरतात, पण कमीत कमी २५० रुपये. १४,०४० चा एक टक्का १४० रुपये ४० पैसे होतो. तो २५० पेक्षा कमी, म्हणून मूल्य २५० धरलं गेलं. त्याचे १८ टक्के म्हणजे ४५.

यातून दोन गोष्टी निघतात. पंचवीस हजार रुपयांपर्यंत कितीही बदला, कर ४५ च. म्हणजे ६०० रियाल तीनशे-तीनशे करून दोनदा बदलले असते तर ९० गेले असते. आणि फक्त ५० रियाल बदलले तर १,१७० मधून ४५, म्हणजे जवळजवळ चार टक्के नुसत्या करात जातात. "आत्ता थोडे बदलू, मग थोडे" असं करण्यात तोटाच आहे. पंचवीस हजारांच्या वर एक लाखापर्यंत कर रकमेच्या ०.१८ टक्के पडतो. एक लाखाला १८०. त्यापुढे टप्पे बदलतात आणि टक्का उतरत जातो.

काही काउंटर याशिवाय व्यवहारामागे ठरावीक सेवाशुल्क घेतात. तेही पावतीवर वेगळ्या ओळीत दिसलं पाहिजे. दर, रक्कम, शुल्क आणि कर या चार गोष्टी पावतीवर स्वतंत्र वाचता येत नसतील तर काउंटर सोडण्याआधी विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका, ते सांगणं त्यांच्या कामाचा भाग आहे. हिशेबाचा क्रम असा:

```
600 x 23.40            = 14040
1% = 140.40 -> min 250
18% x 250              =    45
14040 - 45             = 13995
```

आकडाच चुकीचा दिसत असेल तर

हे आमच्या बाबतीत डॉलरच्या ओळीत झालं. रियालच्या हिशेबाला त्याने धक्का लागला नाही, पण ज्यांच्याकडे डॉलर असतात त्यांची फसगत बहुतेक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोटोत डॉलरपुढे `80.40` आणि `96.80` दिसत होतं. काउंटरवर बसलेल्या माणसाला हे लगेच खटकतं, कारण खरेदी-विक्रीत इतकं अंतर असलं तर रियालच्या ओळीतही तेवढंच असायला हवं. पण बाहेरच्या माणसालाही ते पकडता येतं. त्यासाठी एक फार उपयोगी गोष्ट आहे. आखाती देशांपैकी बऱ्याच जणांनी आपलं चलन डॉलरला बांधून ठेवलेलं आहे. एका डॉलरला कतारचे ३.६४ रियाल, अमिरातीचे ३.६७२५ दिरहम, सौदीचे ३.७५ रियाल. सौदीचा दर १९८६ पासून आणि दिरहमचा १९९७ पासून हलवलेला नाही. म्हणून एकाच फलकावरच्या या ओळी एकमेकींच्या साक्षीदार असतात. रियालचा खरेदीदर ३.६४ ने गुणला की डॉलरच्या खरेदीदराच्या आसपास आकडा यायला हवा. रियाल-दिरहमवर काउंटरवाले डॉलरपेक्षा थोडा जास्त नफा ठेवतात, म्हणून गुणाकार डॉलरच्या दरापेक्षा जरा खाली येतो, वर जात नाही.

आमच्या फलकावर २३.४० गुणिले ३.६४ म्हणजे ८५.१८. दिरहमचा खरेदीदर `23.50` होता. तो ३.६७२५ ने गुणला की ८६.३०. दोन्ही ओळी सांगत होत्या की डॉलर ८६ च्या वर असणार. आणि फोटो म्हणत होता ८०.४०. म्हणजे फोटोतलं शून्य खरं नव्हतं. खरा आकडा होता `88.40`.

आठाचं शून्य कसं झालं? फलकावरचे इंग्रजी आकडे सात छोट्या रेघांनी बनतात. तीन आडव्या, चार उभ्या. आठाच्या सातही रेघा पेटतात, शून्याची मधली आडवी तेवढी पेटत नाही. बऱ्याच फलकांवर आकडे सतत पेटलेले नसतात. ते सेकंदाला अनेकदा विझून पेटतात, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा मात्र चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो. तो मधली ओळ टिपत असताना आकडा विझलेला असेल तर मधली रेघ फोटोत येत नाही आणि आठाचं शून्य होतं. वरची रेघ गेली तर साताचा एक होतो. कधी अख्खा आकडाच नाहीसा होतो.

अशा फोटोत रेघ हरवते, नसलेली रेघ उगवत नाही. फोटोत आठ दिसला तर तो आठच आहे. शून्य, सहा किंवा नऊ दिसला तर तो आठ असू शकतो. तीन दिसला तर नऊ किंवा आठ असू शकतो. पाच दिसला तर सहा, आठ, नऊ यांपैकी काहीही. एक दिसला तर सगळ्यात जास्त सावध राहा, कारण सात, चार, तीन, नऊ अशा अनेक आकड्यांत त्याच्या दोन उभ्या रेघा असतातच. अपवाद एवढाच की फलकावर काच असेल तर समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब कधी रेघेसारखं दिसतं. त्यासाठी पाऊलभर बाजूला सरकून दुसरा फोटो काढायचा.

उपाय साधा आहे. फलकाचा एक फोटो काढू नका, चार-पाच काढा आणि ज्या ज्या रेघा कुठल्याही एका फोटोत दिसल्या त्या सगळ्या एकत्र धरा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा, म्हणजे एका फोटोत फलक अनेकदा पेटून विझतो आणि रेघ सुटत नाही. प्रो मोड नसेल तर तीन-चार सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि घरच्यांना तोच पाठवा. फ्लॅश बंद ठेवा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे समोर उभा असलेल्या माणसाने डोळ्याने वाचून आकडा फोनवर सांगावा. डोळ्याला तो बरोबरच दिसतो. भाच्याला मी तेच विचारलं, "डॉलरचा काय लिहिला आहे?" तो लगेच म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी चाळीस." आठाच्या जागी शून्य त्याला दिसलंच नव्हतं.

ओळ वाचताना आणखी एक तपासा. रियाल या नावाची चलनं बरीच आहेत. `QAR` कतारचा, `SAR` सौदीचा, `OMR` ओमानचा. पहिल्या दोघांत फरक थोडा असतो, म्हणून ओळ चुकली तरी लक्षात येत नाही. ओमानचा एक रियाल मात्र अडीच डॉलरांहून जास्त किमतीचा असतो, तिथे चूक लगेच दिसते. जपानी येनचा दर पुष्कळ ठिकाणी शंभर येनमागे लिहिलेला असतो, त्याकडेही लक्ष ठेवा.

फलकावर कालची तारीख दिसली म्हणून घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे चलन बदलणाऱ्यांनी त्या दिवसाचे दर सकाळी साडेदहापर्यंत लावायचे असतात. पहाटे उतरणाऱ्याला आदल्या दिवशीचे दर दिसणारच. दुपारी दोन वाजता मात्र कालची तारीख असेल तर विचारायला हवं.

टॅक्सीच्या तक्त्यात आधी ओळ धरा

छापील तक्त्याला विझण्या-पेटण्याचा त्रास नाही. तिथे चूक होते ती ओळ घसरल्यामुळे. तक्ता भिंतीवर उंच लावलेला, फोटो खालून तिरका काढलेला. डावीकडे गावांची नावं, उजवीकडे रक्कम, मध्ये वीतभर मोकळी जागा. नजर सरळ जाते, पण तिरक्या फोटोत ओळ सरळ नसते. त्यामुळे एका गावाची रक्कम वरच्या किंवा खालच्या गावाला चिकटते.

आमच्या फोटोत "कामठी रोड" आणि "कामठी" अशा दोन ओळी एकाखाली एक होत्या. नागपूरकराला हा फरक सांगावा लागत नाही. कामठी रोड म्हणजे शहरातून कामठीकडे जाणारा रस्ता, ऑटोमोटिव्ह चौकाचा भाग त्यावरच येतो. कामठी म्हणजे वेगळी नगरपरिषद असलेलं गाव, शहराच्या पलीकडे. पहिल्या ओळीत ६२०, दुसरीत ८५०. वडील स्वतः कामठीचे, त्यांना फरक माहीत होता. पण तिरक्या फोटोत ६२० कामठीसमोर आल्यासारखे दिसत होते.

फोन आडवा धरून त्याच्या पडद्यावर कागदाची कड लावा आणि तक्त्याच्या छापील रेषेला ती समांतर ठेवा. रेषा तिरकी असेल तर कागदही तिरका ठेवायचा. मग नावापासून रकमेपर्यंत जा. शंका राहिली तर वरून नावं मोजा, वरून रकमा मोजा. कामठी वरून आठवं नाव असेल तर रक्कमही आठवीच हवी. फोटोतच तक्त्याचा वरचा भाग कापला गेला असेल तर खालून मोजा. फोनमधल्या एडिटच्या सोयीने तिरका फोटो सरळही करता येतो, पण घाईत कागदाची कड पुरते.

आता तळाची टीप. तिथे जादा आकार बारीक अक्षरांत लिहिलेले असतात, आणि फोटोत नेमकी तीच बाजू कापली जाते. आमच्या पहिल्या फोटोत रात्रीच्या आकाराची ओळ तेवढी आली होती, तिच्याखालच्या दोन ओळी राहिल्या होत्या. पार्किंगचे ६० आणि ठरलेल्यापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक नगामागे २० रुपये. भाच्याजवळ दोन नग जास्त होते, त्याचे ४०. फोटो काढताना तक्त्याचे चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत, आणि टिपेचा एक वेगळा फोटो जवळून घ्यायला हवा.

८५० अधिक ६० अधिक ४०, झाले ९५०. पावती बरोबर होती.

मग रात्रीचे पंचवीस टक्के कुठे गेले? भाच्याने विचारलं, "मामाजी, रात्रीचे लावलेच नाही त्याने. नंतर ड्रायव्हर मागीन का?" त्याला खरोखर काळजी वाटत होती, आणि ती योग्य होती.

रात्रीचा आकार कुणाच्या घड्याळाने

तक्त्यावर लिहिलं होतं, रात्री १२ ते पहाटे ५. भाचा म्हणत होता की आत्ता पावणेतीन झाले. मी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सव्वापाच वाजले होते. त्याचा फोन दोह्याच्या वेळेवर होता. कतारची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. रोमिंग बंद असेल आणि इथलं सिम घातलेलं नसेल तर फोन बरेचदा जुनीच वेळ धरून राहतो.

त्याने डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोच्या तपशिलात वेळ होती 02:38, आणि घड्याळ जागतिक वेळेच्या किती पुढे होतं ते सांगणाऱ्या `OffsetTimeOriginal` पुढे `+03:00`. म्हणजे ही वेळ कतारची. भारताची `+05:30`. अडीच तास मिळवले की ०५:०८. टॅक्सीच्या पावतीवरही ०५:०८ छापलेलं होतं. पाच वाजून गेले होते, रात्रीचा आकार लागत नव्हता. वडिलांनी तो धरला, कारण मुलाने "रात्रीचे अडीच-पावणेतीन झाले" असं सांगितलं होतं.

हे उलटही होऊ शकतं, आणि तेव्हा खिशाला लागतं. दोह्याच्या घड्याळात साडेनऊ-दहा वाजलेले असतात आणि इथे बारा वाजून गेलेले असतात. माणूस म्हणतो, अजून रात्रीचा आकार नाही, आणि पावतीवर तो लागलेला दिसतो. पावती ज्या वेळेला छापली ती वेळ पाहा, फोनची पाहू नका.

रात्रीचा आकार लागत असेल तेव्हा तो कशावर लागतो हेही पाहायला हवं. तो भाड्याचा वाढीव भाग आहे, म्हणून मूळ भाड्यावर धरायचा. पार्किंगचे आणि नगांचे पैसे रात्री वाढत नाहीत, ते नंतर मिळवायचे. हाच प्रवास पहाटे चारला झाला असता तर ८५० चे पंचवीस टक्के २१२ रुपये ५० पैसे, म्हणजे भाडं १,०६२ रुपये ५० पैसे, आणि वर १०० धरून १,१६२ रुपये ५० पैसे. आधी बेरीज करून मग टक्के लावले तर ९५० चे १,१८७ रुपये ५० पैसे होतात. पंचवीस रुपये जास्त. रक्कम मोठी नाही, पण पावतीचा आकडा आपल्या आकड्याशी जुळत नसेल तर आधी हे दोन्ही क्रम करून पाहा. एकाशी जुळला की काय केलं गेलं ते कळतं, आणि तक्त्यावरची टीप दाखवून विचारता येतं.

ड्रायव्हरच्या प्रश्नाचं उत्तर असं की प्रीपेड पावती हेच ठरलेलं भाडं. ती गाडीत बसण्याआधी देऊन टाकायची नाही. घरी उतरल्यावर द्यायची. तिच्यावर गाडीचा नंबर असतो, तो समोरच्या गाडीशी ताडून मग सामान ठेवायचं. तक्त्यावर टोल वेगळा लिहिलेला असेल आणि वाटेत टोलनाका लागत असेल तर तो मात्र वरून द्यावा लागतो. वाटेत कुणाला घ्यायला थांबलं किंवा पत्ता बदलला तर पावतीचं भाडं उरत नाही, हेही आधी लक्षात घ्या.

तरीही जुळत नसेल

रकाना, नोटांचा दर, कर, शुल्क, ओळ, टीप आणि घड्याळ हे सगळं पाहूनही आकडा जुळला नाही तर काउंटरवरून हलण्याआधी बोला. एकदा बाहेर पडलं की मोजलेल्या नोटांबद्दल कुणाला काही सिद्ध करता येत नाही. नोटा काउंटरसमोरच मोजा, पावतीवरचा दर फलकावरच्या दराशी डोळ्याने जुळवा. फलक आणि पावती एकाच फोटोत येतील असा एक फोटो घेतला तर पुढे कधीही तो दाखवता येतो. चलन बदलल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. रुपये उरले आणि परत जाताना पुन्हा परकीय चलन घ्यायचं झालं तर ते लागू शकतं.

पण रुपयांचे पुन्हा रियाल करू नको असंच मी भाच्याला सांगितलं. फलक पुन्हा पाहा म्हटलं. कर बाजूला ठेवला तर ६०० रियालचे १४,०४० रुपये झाले. तेच १४,०४० देऊन त्याच फलकावर रियाल परत घेतले तर `26.80` चा दर लागणार, म्हणजे ५२४ रियालही येत नाहीत. करही पुन्हा द्यायचा. नुसत्या जाण्या-येण्यात ७६ रियाल संपतात. म्हणून विमानतळावर टॅक्सीपुरते आणि पहिल्या दोन दिवसांपुरते बदलावेत, तेही एकदाच, आणि बाकीसाठी शहरातल्या दोन-तीन ठिकाणचे दर विचारून पाहावेत. परकीय नाणी आणूच नयेत, काउंटरवर ती घेत नाहीत.

भाच्याला हे पटलं. १३,९९५ मधले ९५० टॅक्सीला गेले. सहाच्या आधी तो कामठीत पोहोचला, पावती उतरल्यावर दिली, ड्रायव्हरने वर काही मागितलं नाही. उरलेले ४०० रियाल त्याने शेवटपर्यंत बदललेच नाहीत. परत जाताना दोह्याच्या विमानतळावरून खोलीपर्यंत जायला तेच कामी आले.